मोबाईलवर नुसताच आकडा आला? पैसे आले, गेले की मागितले, ते आधी ओळखा

दुपारी शेतात काम सुरू असताना खिशातला मोबाईल वाजतो. बघितलं तर मेसेजमध्ये फक्त एवढंच: ‘₹५,०००’. नमस्कार नाही, नाव नाही, कशाचे ते नाही. पाठवणारा पैसे देतोय, मागतोय, भाव सांगतोय की जुनी बाकी आठवून देतोय, काहीच कळत नाही.

आपण बोलताना रकमेच्या पुढे नेहमी एक शब्द लावतो. पाच हजार दिले, पाच हजार द्या, पाच हजार कापले, पाच हजारांना पडेल. मोबाईलवर नुसता आकडा येतो तेव्हा हा पुढचा शब्दच गायब असतो. वाचणारा तो स्वतःच्या मनाने जोडतो. ज्याला पैशांची वाट असते तो ‘आले’ जोडतो, ज्याच्यावर उधारी असते तो ‘द्या’ जोडतो. व्यवहार बिघडतात ते इथेच, आणि फसवणारेही नेमका याचाच फायदा घेतात.

म्हणून आकडा दिसला की आधी तो कुठे दिसला ते बघायचं. ओळखीच्या माणसाच्या व्हॉट्सॲपवर, साध्या एसएमएसमध्ये की बँकेच्या पासबुकात? जागा बदलली की त्याच आकड्याचा अर्थ बदलतो.

ओळखीच्या माणसाने पाठवलेला आकडा

गावातले बरेचसे असे मेसेज ओळखीच्याच लोकांचे असतात. ट्रॅक्टरवाल्याने ‘४२००’ पाठवलं तर ते नांगरटीचे पैसे राहिलेत, याची आठवण असते. शहरात शिकणाऱ्या मुलाने ‘५००’ पाठवलं तर ती मागणी असते. बचत गटाच्या अध्यक्षांनी ‘२००’ पाठवलं तर महिन्याचा हप्ता. इथे मागचं बोलणं दोघांनाही माहीत असतं, म्हणून आकडा पुरतो.

अडचण येते ती भावाच्या आकड्यात. समजा, एका शेतकऱ्याने चाळीतल्या कांद्याचे फोटो व्यापाऱ्याला पाठवले. थोड्या वेळाने व्यापाऱ्याचं उत्तर आलं: ‘१८५०’. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. दोघांनाही वाटलं, सौदा झाला.

शेतकऱ्याच्या डोक्यात हिशेब होता शिवार खरेदीचा. म्हणजे व्यापाऱ्याची गाडी चाळीवर येणार, तिथेच वजन, क्विंटलला १,८५० रुपये. माल ४२ क्विंटल, म्हणजे ७७,७०० रुपये. व्यापाऱ्याच्या डोक्यात मात्र मार्केट पोहोच भाव होता. भाडं आणि हमाली शेतकऱ्याची. ती क्विंटलमागे ११० रुपये धरली तरी ४,६२० रुपये जातात आणि हातात ७३,०८० उरतात. शिवाय प्रतवारीवर कोण काय ठरवणार, पैसे रोख की आठ दिवसांनी, हेही त्या चार अंकांत कुठेच नव्हतं. गाडी भरल्यावर भांडण होतं, आणि भरलेली गाडी उतरवायला कुणालाच परवडत नाही. नमतं घ्यावं लागतं ते बहुतेक वेळा शेतकऱ्यालाच.

कायदाही नुसत्या आकड्याला सौदा मानत नाही. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे कूर्गमधल्या मडिकेरीच्या एका बंगल्याचं प्रकरण आलं होतं. मालकाने तारेने कळवलं होतं की दहा हजारांपेक्षा कमी घेणार नाही. खरेदीदाराने दहा हजार कबूल केले आणि व्यवहार पक्का झाला असा दावा केला. कोर्टाने तो मान्य केला नाही. कमीत कमी किंमत सांगणं म्हणजे विकायला तयार झालो असं होत नाही, ती फक्त बोलणीची सुरुवात आहे, असा त्या निकालाचा अर्थ. मॅकफर्सन विरुद्ध अप्पण्णा या नावाने हा निकाल आजही सांगितला जातो. तेव्हा तार होती, आता व्हॉट्सॲप आहे, एवढाच फरक.

पण याचा अर्थ मोबाईलवर कबूल केलेलं कशालाच बांधील नसतं, असा नाही. माल कोणता, किती, कुठे द्यायचा आणि भाव काय, हे लिहून समोरच्याने ‘हो’ म्हटलं तर तो करार होऊ शकतो. म्हणून आकड्याला अंगठा पाठवण्याऐवजी एक ओळ लिहावी: ‘शेठ, १८५० क्विंटलला, चाळीवर वजन, गाडी-हमाली तुमची, पैसे त्याच दिवशी. बरोबर ना?’ त्यावर ‘हो’ आलं की मगच गाडी बोलवावी. तो मेसेज पैसे मिळेपर्यंत पुसू नये.

एसएमएसमध्ये रक्कम दिसते, खात्यात नाही

दुसरी जागा म्हणजे साधा एसएमएस. समजा, बचत गटाचा हिशेब बघणाऱ्या एका ताईंना मेसेज आला:

Rs.9500.00 credited to A/c XX4471

कुणी पाठवले, कशाचे, काही नाही. दोन मिनिटांत फोन येतो. समोरचा घाबराघुबरा: “ताई, आई दवाखान्यात आहे हो. मेडिकलवाल्याला साडेनऊशे पाठवायचे होते, एक शून्य जास्त पडलं आणि तुमच्या नंबरवर गेले. तुमचं मन मोठं आहे, साडेनऊशे ठेवा तुम्हाला, बाकीचे ८,५५० परत करा.”

ताईंचं मन द्रवतं. कुणाचे तरी दवाखान्याचे पैसे आपल्याकडे राहिलेत, ही भावनाच त्यांना घाई करायला लावते. पण खात्यात एक रुपयाही आलेला नसतो. तो मेसेज बँकेने पाठवलेलाच नसतो, फोन करणाऱ्याने किंवा त्याच्या जोडीदाराने स्वतः टाइप केलेला असतो. ताईंनी ८,५५० पाठवले की ते त्यांच्या स्वतःच्या पैशातून जातात.

हे ओळखायची एकच भक्कम खूण आहे: खात्यातली शिल्लक. सकाळी १२,३४० रुपये होते आणि मेसेजनंतरही १२,३४० च असतील, तर पैसे आलेले नाहीत. शिल्लक त्याच मेसेजमध्ये लिहिलेली असली तरी तिच्यावर जायचं नाही. ती स्वतः बघायची. बँकेच्या ॲपवर, बँकेच्या मिस्ड कॉल नंबरवर, किंवा साध्या फोनवरून *99# लावून. यातलं काहीच जमत नसेल तर बँकेच्या शाखेत किंवा बँक मित्राकडे जाऊन.

मेसेज कुठून आला तेही बघावं. बँका व्यवहाराचे मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून पाठवत नाहीत. वर अक्षरांचं नाव असतं, आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर लागतं. -T किंवा -S म्हणजे व्यवहाराचा किंवा सेवेचा मेसेज, -G म्हणजे सरकारी, -P म्हणजे जाहिरात. दहा आकडी नंबरवरून ‘credited’ आलं तर तिथेच शंका घ्यायची. पण नाव बरोबर दिसलं म्हणून पैसे पाठवायचे, असंही नाही. शेवटचा शब्द शिल्लकेचाच.

याच प्रकारातलं एक जुनं रूप म्हणजे पेमेंट ॲपवर येणारी मागणी. ‘₹५,०००’ दिसायचं, खाली बटण असायचं आणि समोरचा सांगायचा की पैसे घ्यायला बटण दाबून पिन टाका. प्रत्यक्षात पिन टाकला की पैसे जायचे. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याकडे अशी यूपीआय मागणी पाठवणं बंद झालं आहे. तरीही क्यूआर कोड पाठवून तोच खेळ अजून होऊ शकतो. लक्षात ठेवायला सोपं आहे: यूपीआय पिन लागतो तो पैसे पाठवायला आणि शिल्लक बघायला. पैसे घ्यायला तो कधीच लागत नाही.

पैसे खरंच आले, पण कुणाचे?

शिल्लक वाढलेली असेल तर मामला वेगळा. इथेही रकमेवरून थोडा अंदाज येतो.

फक्त १ रुपया आला असेल तर बहुतेक वेळा ती खात्याची तपासणी असते. कुठे विमा, कर्ज किंवा अनुदानाचा अर्ज केला असेल तर खातं चालू आहे का आणि नाव जुळतं का, हे बघायला एक रुपया टाकला जातो. आपण काहीच अर्ज केला नसेल आणि पाठोपाठ कुणाचा फोन आला, तर मात्र सावध व्हायचं.

२,००० रुपये आले तर शेतकऱ्याच्या घरी पहिला विचार येतो पीएम किसानचा. पण राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा हप्ताही २,००० रुपयांचाच आहे. आकडा एकच, पैसे देणारे दोन. एक आला आणि दुसरा अडकला तरी रकमेवरून ते कळत नाही. पासबुकात छापून घेतलं की समोर कोणत्या योजनेचं नाव आहे ते दिसतं. हे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. एकापेक्षा जास्त बँकांत खाती असतील तर अनुदानासाठी आधार शेवटी जिथे जोडला, त्या बँकेत ते पडतात. त्यामुळे एका बँकेत वाट बघत बसलेल्याचे पैसे दुसऱ्या खात्यात केव्हाच आलेले असू शकतात. आधारच्या वेबसाइटवर ‘Bank Seeding Status’ या ठिकाणी ती बँक कोणती ते दिसतं.

खरी पंचाईत असते ती अनोळखी मोठ्या रकमेची. समजा, एका तरुणाच्या खात्यात ३,१०० रुपये होते, ते अचानक २८,१०० झाले. म्हणजे २५,००० खरोखर आले. थोड्या वेळाने फोन: “दादा, चुकून तुमच्याकडे गेले. मी नंबर देतो, त्यावर परत टाका.” पैसे खरे आहेत, शिल्लक वाढलेली आहे, आणि दुसऱ्याचे पैसे परत करणं हे माणुसकीचंच काम. तरुण दिलेल्या नंबरवर २५,००० पाठवून मोकळा होतो.

पंधरा दिवसांनी त्याचं खातं चालेनासं होतं. बँकेत गेल्यावर कळतं की कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाने सायबर तक्रार केली आहे. त्या माणसाला फसवून काढलेले २५,००० रुपये या तरुणाच्या खात्यात आले होते. तपास करणाऱ्यांना कागदावर काय दिसतं? चोरीचे पैसे या खात्यात आले आणि इथून तिसऱ्याच खात्यात गेले. फोन करणारा मूळ मालक नव्हताच. त्याला पैशांचा माग तोडायला मधलं एक खातं हवं होतं. तरुणाने पैसे परत केले, पण ज्याचे होते त्याला नाही.

खातं गोठलं की त्यात येणारं अनुदान, दुधाचे पैसे, पीक विम्याची रक्कम, सगळं अडकतं. आपला संबंध नाही हे सांगायला पोलिस ठाण्याच्या आणि बँकेच्या फेऱ्या मारायला लागतात.

म्हणून अनोळखी रक्कम खरी असली तरी दोन गोष्टी करायच्या नाहीत: ती खर्चायची नाही, आणि फोनवर सांगितलेल्या नंबरवर पाठवायची नाही. स्वतःकडे ठेवून घेणंही चालत नाही. चुकून मिळालेले पैसे परत करावेच लागतात, भारतीय करार कायद्याच्या कलम ७२ मध्ये तसं स्पष्ट आहे. परत करायचा रस्ता मात्र बँकेतून जातो.

व्यवहाराच्या तपशिलात बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक असतो. तो, तारीख आणि रक्कम लिहून शाखेत साधा अर्ज द्यायचा: ‘माझ्या खात्यात अमुक तारखेला २५,००० रुपये आले आहेत, ते माझे नाहीत. ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत पाठवण्यास माझी हरकत नाही.’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. उद्या काही चौकशी आलीच तर हा शिक्क्याचा कागद उपयोगी पडतो.

फोन करणाऱ्यालाही तेच सांगायचं: “तुम्ही तुमच्या बँकेत तक्रार द्या, मी माझ्या बँकेत लिहून दिलंय.” ज्याचे पैसे खरोखर चुकून गेलेत, तो हे मान्य करील. जो चिडतो, पोलिसांची धमकी देतो किंवा ‘आत्ताच पाठवा’ म्हणून मागे लागतो, त्याचा हेतू वेगळा असू शकतो.

आपलेच पैसे चुकीच्या नंबरवर गेले असतील तरी रस्ता हाच. आधी ज्या ॲपवरून पाठवले तिथे तक्रार, मग तोच बारा आकडी क्रमांक घेऊन आपली बँक. पण एक मर्यादा माहीत असावी. पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याच्या संमतीशिवाय बँक ते परस्पर काढून देऊ शकत नाही. म्हणून पाठवण्याआधी स्क्रीनवर दिसणारं नाव वाचणं हाच खरा उपाय.

आणि फसवणूक झालीच असेल, तर लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ते तिथेच रोखता येतात. संध्याकाळी घरच्यांशी बोलून मग बघू, असं म्हटलं की ती वेळ निघून जाते.

पासबुकातला ४३६ चा आकडा

एक नुसता आकडा मात्र असा आहे की तो दिसला तर घाबरायचं नाही, आणि विसरायचंही नाही. मे महिन्याच्या शेवटी अनेकांच्या खात्यातून ४३६ रुपये किंवा २० रुपये कापले जातात. बँकेने फुकट पैसे खाल्ले, असं म्हणून लोक सोडून देतात.

४३६ रुपये हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता आहे, आणि २० रुपये सुरक्षा विम्याचा. जून २०२२ च्या आधी हेच हप्ते ३३० आणि १२ रुपये होते. वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत धरलं जातं. वर्षाच्या मध्येच योजनेत आलेल्याचा जीवन ज्योतीचा पहिला हप्ता कमी असतो, म्हणून ४३६ ऐवजी ३४२, २२८ किंवा ११४ असाही आकडा दिसू शकतो.

जीवन ज्योतीमध्ये मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. नव्याने योजनेत आल्यावर पहिल्या ३० दिवसांत मात्र अपघाती मृत्यू सोडून इतर कारणांना लाभ नाही. सुरक्षा विमा फक्त अपघातासाठी आहे, त्यातही मृत्यू झाल्यास २ लाख.

अडचण अशी की कुटुंबप्रमुख गेल्यावर घरच्यांना हा विमा होता हेच अनेकदा माहीत नसतं. त्याची पॉलिसी घरात नसते, एजंट येत नाही. मागे उरलेली खूण म्हणजे पासबुकाच्या एका ओळीतला तो आकडा. म्हणून घरात कुणी गेलं असेल तर त्यांचं पासबुक भरून आणावं आणि मे-जूनच्या नोंदी बोट ठेवून वाचाव्यात. ४३६ किंवा २० दिसलं तर ज्या बँकेतून कापले त्याच शाखेत जाऊन दाव्याचा फॉर्म मागावा. मृत्यूचा दाखला, वारसाची ओळखपत्रं आणि वारसाच्या खात्याचं पासबुक सोबत लागतं. अपघात असेल तर त्याची पोलिस किंवा दवाखान्याची कागदपत्रंही लागतात. दावा शक्यतो ३० दिवसांच्या आत द्यावा.

आपल्या स्वतःच्या पासबुकात असा आकडा असेल तर आजच घरच्यांना दाखवून ठेवावा, आणि शेजारी पेनाने लिहावं: ‘विम्याचा हप्ता, वारस अमुक’.